सायरन वाजला म्हणून आपला लाल दिवा हिरवा होत नाही

"मित्रांनो, मागे अँब्युलन्सचा सायरन वाजला की बिनधास्त सिग्नल तोडून पुढे व्हा, दंड होत नाही. गाडी नेहमी डावीकडेच घ्या. वाट दिली नाही तर मात्र 10,000 रुपये दंड! सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आमच्या मेव्हण्यांनी हे माझ्या मुलीला पाठवलं. तिला परवाना नुकताच मिळालाय आणि मामाचा शब्द तिला लगेच पटतो. म्हणून लिहावं लागतंय.

दंडाचं खरं आहे, मान्य. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 194ई हे कलम आलं. अग्निशमन बंब किंवा अँब्युलन्स आली असता बाजूला न होणाऱ्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण ते कलम रस्त्याच्या कडेला सरकायला सांगतं, सिग्नल तोडायला नाही. लाल दिवा ओलांडायची मुभा 2017 च्या वाहनचालन नियमांनी दिलीय ती बंब, अँब्युलन्स आणि पोलिसांच्या गाडीला, तीही तातडीच्या कामावर असताना, पुरेशी काळजी घेऊन. तुमच्या स्कूटरला नाही.

आता त्र्यंबक नाक्यावर सगळ्यात पुढे तुम्ही उभे आहात असं धरा. मागून सायरन येतो. आडव्या रस्त्याला हिरवा आहे आणि तिकडचा बसवाला त्याच्या वेगात येतोय. त्याला अँब्युलन्स दिसतही नाही, कारण मध्ये तुमच्या मागची सगळी रांग आहे. तुम्ही घुसलात तर धडक तुम्हाला बसेल, चौक अडेल आणि अँब्युलन्स तिथेच अडकेल.

त्याऐवजी थांबायच्या पट्ट्याआडच चाकं वळवून तिरपं सरका. दोन रांगा असतील तर डावीकडच्यांनी डावीकडे, उजवीकडच्यांनी दुभाजकाला चिकटून. मधून वाट निघते. अर्थात त्यासाठी आधी जागा हवी: थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसली पाहिजेत. बंपरला बंपर लावून उभं राहिलं की इच्छा असूनही हलता येत नाही. आणि त्या सोडलेल्या जागेत दुचाकी घालणाऱ्यांनी कृपा करावी. चौकात पोलीस असेल आणि त्याने हात केला तर जरूर पुढे जा. त्याचा इशारा दिव्याच्या वर असतो.

"नेहमी डावीकडे" हेही तसंच. उजव्या रांगेतून एकदम डावीकडे कापलं तर अँब्युलन्सच्याच तोंडी जाल. शालीमारसारख्या दाटीत भिंतींवरून आवाज परततो, कुठून येतोय ते कानाला कळत नाही. आधी आरसा बघा, मग इंडिकेटर द्या, मग हळू सरका. करकचून ब्रेक नको, मागचा येऊन आदळेल.

गाडी गेल्यावर लगेच रस्त्यात येऊ नका आणि तिच्या शेपटीला लागून तर मुळीच निघू नका. आगीच्या कॉलला कधी एकामागून एक दोन बंब निघतात, आणि दुसऱ्याचा सायरन पहिल्याच्या आवाजात वेगळा ऐकू येत नाही.