सर्व्हे नंबर बारा, हिस्सा मार्च

भूसंपादनाची यादी करायला बसला आहात ना? मग सगळ्यात आधी कोरी एक्सेल शीट उघडा आणि कशालाही हात न लावता थेट टायपिंगला लागा. सेलचा फॉरमॅट वगैरे बघत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम. रस्ता रुंद व्हायचाय, साहेबांना यादी संध्याकाळपर्यंत हवी आहे आणि कोकणातल्या गावात एकेका सर्व्हे नंबरला हिश्श्यांची अशी रांग असते की नुसतं टाइप करायलाच दुपार जाते.

पहिला खातेदार घ्या. सर्व्हे नंबर 12, हिस्सा 3. सातबाऱ्यावर ‘भूमापन क्रमांक व उपविभाग’ या रकान्यात 12/3 असं लिहिलंय, तसंच तुम्ही लिहा आणि एंटर दाबा. सेलमध्ये 12-Mar दिसेल. घाबरू नका. एक्सेलला तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना छोटे आकडे दिसले की तारीख सुचते, आणि तुमचा संगणक भारतीय पद्धतीच्या तारखांवर असल्यामुळे त्याने आधी दिवस मग महिना असा सरळ हिशेब लावला. वर्ष तुम्ही सांगितलं नाही, म्हणून चालू वर्ष त्याने पदरचं घातलं.

पुढचा हिस्सा 5/64. चौसष्टावा महिना नसतो एवढं एक्सेललाही कळतं. म्हणून तो त्याला मे 1964 करतो आणि दिवस म्हणून स्वतःच्या मनाने 1 तारीख टाकतो. सेलमध्ये May-64 दिसेल. त्याखालचा 118/2 मात्र जसाच्या तसा राहील, कारण 118 चा ना दिवस होतो ना महिना. 12/3अ सुद्धा वाचेल. त्या ‘अ’ने आपल्या मालकाची जमीन राखली असं म्हणायला हरकत नाही. थोडक्यात, यादीतले मोठे सर्व्हे नंबर शाबूत आणि छोटे कॅलेंडरात. वरवर नजर टाकणाऱ्याला सगळं ठीकच वाटेल, आणि तुम्हाला तेच हवं आहे.

एक चुगलखोर खूण मात्र राहते. तारखा सेलच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या कडेला. रकान्यात काही नोंदी उजवीकडे सरकलेल्या दिसल्या की जाणता माणूस लगेच ओळखतो. म्हणून पूर्ण रकाना निवडा आणि मध्यभागी आणा. यादी देखणीही दिसते, पुरावाही बुजतो.

कागदपत्रांच्या रकान्यातही हीच सढळता ठेवा. ‘सातबारा’ असं अक्षरी लिहायचा कंटाळा येतो, म्हणून 7/12 टाका. गावभर प्रत्येक खातेदारासमोर 7-Dec उमटेल. शेजारी ‘8अ’ नीट दिसत असल्यामुळे कुणीतरी नक्की विचारेल, सात डिसेंबरला नेमकं काय आहे? सुनावणी आहे म्हणून सांगा.

एवढ्यात एखादा शहाणा ‘सेलचा फॉरमॅट टेक्स्ट करा’ म्हणेल. जरूर करा, पण आत्ता, टायपिंग झाल्यावर. 12-Mar पुसलं जाऊन तिथे 46093 उगवेल. (टायपिंग 2026 मध्ये केलं असेल तर. 2025 मध्ये केलं असतं तर 45728.) एक्सेल तारीख म्हणून आत जे साठवतो ते हेच: 1 जानेवारी 1900 ला एक धरून मोजत आणलेले दिवस. तुम्ही टाइप केलेलं 12/3 त्याने ठेवलेलंच नाही, त्यामुळे टेक्स्ट म्हटल्यावर परत देणार कुठून? आता गावात सर्व्हे नंबर 46093 आहे. इतका मोठा आकडा बघून वरचे लोक गावाचं कौतुकच करतील.

काम वाटून घेतलंत तर मजा आणखी वाढते. अर्धी यादी अशा सहकाऱ्याला द्या, ज्याच्या लॅपटॉपवर अमेरिकन पद्धतीच्या तारखा आहेत. नवा लॅपटॉप आणल्यावर ती सेटिंग कितीजण बदलतात? तिथे 12/3 म्हणजे 3 डिसेंबर. ती फाइल तुमच्याकडे आली की 3-Dec दिसेल, आणि तुम्ही तुमच्या सवयीने ते 3/12 वाचाल. म्हणजे सर्व्हे नंबर 12 मधला हिस्सा 3 जाऊन सर्व्हे नंबर 3 मधला हिस्सा 12 यादीत आला. तो गावात खरोखर असेल तर फारच उत्तम. ज्याचा रस्त्याशी संबंध नाही त्याच्या घरी नोटीस जाईल आणि ज्याच्या कलमांवरून रस्ता जाणार तो निवांत राहील.

चूक उघडकीस आलीच, तर दुरुस्तीचं एक झटपट सूत्र आहे:

```
=TEXT(A2,"d\/m")
```

हे 12-Mar चं पुन्हा 12/3 करतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. पहिल्या दहा ओळी बरोबर आल्या की आपण माऊस धरून खालपर्यंत ओढतो. खाली May-64 बसलेला आहे, त्याच्या पोटात 1 मे 1964 आहे, त्याचा होतो 1/5. सर्व्हे नंबर 5 चा हिस्सा 64 गेला, सर्व्हे नंबर 1 चा हिस्सा 5 आला. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरून आलेल्या ओळींना "m\/d" लागतं, पण कोणती ओळ कोणाची हे फाइल सांगत नाही. `=YEAR(A2)` लावून ज्या ओळीत टायपिंगचं वर्ष येत नाही ती वेगळी काढता येते, आणि उरलेल्या मूळ सातबाऱ्याशी ताडून बघता येतात. पण एवढ्या खोलात कोण शिरतं!

शास्त्रज्ञांनीही शेवटी हात टेकलेच की. एक्सेल MARCH1 सारख्या जनुकांच्या नावांच्या तारखा करत होता, म्हणून 2020 मध्ये त्या नावांचीच नवी रूपं ठरवली गेली. त्याच धर्तीवर आपणही एक्सेलला न रुचणारे सगळे हिस्से रद्द करून पुन्हा मोजणी लावू शकतो. मोजणीच्या तारखा मिळेपर्यंत तुमची बदली झालेली असेल.

काही वाईट सवयींपासून मात्र दूर राहा. टायपिंगच्या आधीच रकाना टेक्स्ट करून ठेवणं ही त्यातली पहिली. दुसरी म्हणजे आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह देणं, `'12/3` असं. ते छापलं जात नाही आणि नोंद मजकूर म्हणून जशीच्या तशी राहते. कुणी या सवयीचा असेल तर त्याला फाइल सीएसव्ही करून पाठवायला सांगा. सीएसव्हीमध्ये टेक्स्ट फॉरमॅट टिकत नाही, त्यामुळे तुम्ही डबल क्लिक करून उघडलीत की त्याची सगळी मेहनत पुन्हा मार्च-डिसेंबरात. डेटा मेनूतून ती आयात करून हा रकाना टेक्स्ट ठरवायची सोय आहे, ती बघूच नका. कुणी ‘स.नं. 12/3’ असं लिहून सुटायला बघत असेल, तर फाइंड-रिप्लेसने ‘स.नं. ’ उडवा. साध्या फॉरमॅटच्या सेलमध्ये उरलेल्या 12/3 ची जागच्या जागी तारीख होते.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे सर्व्हे नंबर एका रकान्यात, हिस्सा दुसऱ्या रकान्यात, आणि तिसऱ्यात हे:

```
=A2&"/"&B2
```

याचं उत्तर मजकूरच राहतं, तारीख होत नाही. वर, दोन रकाने वेगळे असल्यामुळे क्रमही नीट लागतो. एकत्र लिहिलेला मजकूर चढत्या क्रमाने लावला तर 10/1 हा 2/1 च्या आधी येतो, इथे तेही होत नाही. अशी यादी दिलीत तर हरकती येणार नाहीत, शुद्धिपत्रक काढावं लागणार नाही, आणि पुढच्या गावाची यादीही साहेब तुमच्याच टेबलावर आणून ठेवतील.