दादाचा भडक लाल आणि आईचा काळा पट्टा

‘घराचं हॉस्पिटल करायचं नाही. आईला दिसतील असे भडक रंग लावू, पण शोभा जाता कामा नये. आणि तिकडे बसून सल्ले देणं सोपं असतं.’ – दादा, पुण्याहून, घरच्या ग्रुपवर

पुण्याच्या घराचं काम काढलंय. आईला नीट वावरता यावं म्हणून काय बदलावं, हे मी इंग्लंडहून ग्रुपवर सुचवलं, त्याला दादाचं हे उत्तर. शेवटचं वाक्य मी गिळलं. भडक रंगांचं मात्र गिळता येत नाही.

आईच्या डोळ्यांचा पडदा झिजलाय. समोर बघितलं की मधोमध धूसर डाग, कडेचं मात्र बरं दिसतं. मावशीने लगेच लिहिलं, ‘माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता सगळं लख्ख! ताईचंही उरकून टाका.’ आईचा मोतीबिंदू कधीच निघालाय. पडद्याचं दुखणं वेगळं, हे मावशीला कोण सांगणार!

दादा रंग म्हणतो, पण आईला हवा आहे उजेड-अंधारातला फरक. त्याने काळपट शिसवी सोफ्यावर लालभडक उशा आणल्या. आपल्याला त्या उठून दिसतात. आईला सोफा आणि उशी मिळून एकच गडद ढीग दिसतो, कारण दोन्ही जवळजवळ तेवढाच प्रकाश परत फेकतात. इथे लीड्समध्ये शेजारच्या आजींकडे काउन्सिलची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे घरातला वावर सोपा करून देणारी तज्ज्ञ, आली होती, तिने मला रंगाच्या शेडकार्डावरचा एक आकडा दाखवला. काळ्याला ०, पांढऱ्याला १००, आणि लागून असलेल्या दोन गोष्टींत निदान ३०चा फरक हवा. लाल आणि शिसवी दोन्ही दहा-बाराच्या आसपास. हळदी पिवळा साठच्या घरात, म्हणजे उशा पिवळ्या हव्या होत्या. शेडकार्ड नसेल तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढायचा. त्यात जे हरवेल ते आईलाही हरवणार. दादाला मी तसा फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘फोटो चांगला आलाय.’

खरी काळजी फरशीची आहे. डिझायनरने आरशासारखी चकचकीत टाइल सुचवली आहे, आणि हॉल ते पॅसेज दरम्यान ‘लुक’साठी काळ्या ग्रॅनाइटची पट्टी. बाल्कनीतून ऊन आलं की अशा टाइलवर पाणी सांडल्यासारखं दिसतं आणि आई पाय आखडते. सपाट जमिनीतली काळी पट्टी तिला खड्डा वाटेल. ती एक तर थबकेल, नाही तर लांब ढांग टाकेल. नेमकं उलट बाथरूममध्ये. तिथे जमीन दीड-दोन इंच खाली जाते आणि दोन्हीकडे तीच फिकट टाइल. काळी कड तिथे हवी, खाली पाय टाकायच्या जागी. शिवाय पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड, त्यावर पांढरी सीट. निळी सीट बसवली की काम झालं, आणि आधाराचा दांडा चकचकीत स्टीलचा न घेता गडद रंगाचा घ्यायचा. याला हॉस्पिटल म्हणत असतील तर म्हणोत.

इथे असं काही सुचवलं तर कुणाचा इगो दुखावत नाही. (शेजारच्या आजींच्या बाथरूमचं काम सुरू व्हायला जवळजवळ वर्ष लागलं, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

वहिनीचं मात्र मानावं लागेल. तीच आईबरोबर राहते. तिने आकडे न विचारता सांगितलं, ‘अहो वन्सं, आई पॅसेजमध्ये डाव्या भिंतीला हात लावून चालतात. शू-रॅक डावीकडेच आहे.’ पॅसेज एक मीटरचा, रॅक ३५ सेंटीमीटरचा. उरतात ६५. उद्या व्हीलचेअर आली तर ९० तरी मोकळे लागतील, आणि वळायला दीड मीटर हॉलमध्येच मिळेल. रॅक हलला. गणपतीत तिथेच मखराचे खोके आणि लाइटच्या माळांच्या वायरी असतात, त्या यंदा भिंतीच्या वर जातील असं वहिनी म्हणाली. दाराच्या पायपुसण्याचं टोक वळतं, ते तिने कधीच काढून टाकलं होतं. मला त्या घरातल्या पायपुसण्याचीही खबर नाही.

हे जरा टोचलं. इथे कचऱ्याचा बिन न्यायचा दिवस कुठला, कुठल्या दाराला किती जोर लावायचा, सगळं मला हाताला पाठ आहे. पुण्याच्या घरात हल्ली मीच दिव्याचं बटण शोधते. तरी तिथल्या फरशीवर मी इतकी हुकमत का गाजवते? कदाचित एवढंच माझ्या हाती उरलंय.

उंबरठ्यावर मात्र कुणाचंच एकमत नाही. व्हीलचेअरला तो नको, दादालाही नको. आई म्हणते, ‘मला तो पायाला लागतो, म्हणून कळतं मी दारात आले.’ दोघांचंही बरोबर आहे, त्यामुळे मी गप्प. मॅट टाइलची ऑर्डर वहिनीने दादाला न विचारता दिली आहे. काळ्या पट्टीचा हट्ट डिझायनरने अजून सोडलेला नाही.