एकशे तीसचा लघुकोन

काल सकाळी फोंड्याच्या बाजारातून थेट माझ्या शिकवणीत एक आजोबा आले. एका हातात बांगडे माशांची पिशवी, दुसऱ्या हातात नातवाची वर्कशीट. कोन होता ५० अंशांचा, नातवानं लिहिले १३०, आणि मी मारलेली फुली आजोबांना मान्य नव्हती.

"मास्तर, १३० हा आकडा कोनमापकावर आहे की नाही?"

"आहे."

"भुजा त्याच्यावरूनच जाते की नाही?"

"जाते, पण..."

"मग पण कशाला? छापणाऱ्यानं एकाच रेघेवर ५० पण छापलं, १३० पण छापलं. पोरानं बाहेरचं घेतलं, तुम्ही आतलं घेतलंत. यात त्याची चूक कुठली?"

मुलांनी पेन्सिली खाली ठेवल्या होत्या. इतकं लक्ष मी शिकवताना कधी नसतं. आजोबांनी पिशवी टेबलावर ठेवली, तिच्यातलं पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी वहीकडे निघालं, आणि मी पुसता पुसता सांगत राहिलो. कोनमापकाचा केंद्रबिंदू शिरोबिंदूवर. शून्याची रेघ एका भुजेवर. ही रेघ बऱ्याच कोनमापकांवर प्लास्टिकच्या कडेपासून थोडी वर असते. कड लावली की उत्तर दोन-चार अंशांनी घसरतं. मग भुजेवर पडलेला शून्य कुठल्या पट्टीतला ते बघायचं आणि त्याच पट्टीवर ०, १०, २० असं बोट फिरवत दुसऱ्या भुजेपर्यंत जायचं. इथे भुजा उजवीकडे, शून्य आतल्या पट्टीचा, म्हणून ५०. बाहेरच्या पट्टीचा त्या जागी १८० आहे. १८० पासून मोजायला सुरुवात कोण करतं?

"ते ठीक," आजोबा म्हणाले, "पण रेघ तर बरोबर पकडली ना? अर्धा मार्क द्या."

अर्धा मार्क! काटकोनापेक्षा उघड उघड अरुंद कोन, आणि समोर १३०. आधी नुसत्या डोळ्यांनी लघुकोन की विशालकोन एवढं कोपऱ्यात लिही, मग कोनमापक काढ, हे मी रोज ओरडतो. ८८ आणि ९२ मध्ये डोळा फसतो हे मान्य. तिथे कागदाचा कोपरा लावून बघावा. पण ५० ला?

आजोबांचा आयुष्यभर हिशेब लिहिण्यात हात बसलेला असावा, म्हणून त्यांना खालचा त्रिकोण दाखवला. त्यातही नातवानं १३०, ६०, ७० लिहिले होते. त्यांनी तोंडी बेरीज केली, "२६०." त्रिकोणाला हवेत १८०. म्हणजे ८० जास्त. आता हे ८० वजा करा १८० मधून, उरले १००, त्याचं निम्मं ५०. जो कोन चुकीच्या पट्टीवर वाचला तो खरा ५०, कारण ५० च्या जोडीला १३० च येतो. एकच कोन असा उलटा वाचलेला असेल तर हा हिशेब चोराला नावानिशी पकडतो. दोन उलटे वाचले असतील तर मात्र चालत नाही.

आजोबा खूश झाले आणि पुढच्या त्रिकोणावर घसरले. तिथे बेरीज १९२. १२ जास्त, १८० मधून गेले १६८, निम्मे ८४, जोडीचा ९६. पण ९६ कुठेच लिहिलेला नाही! "तुमचा हिशेब फसला, मास्तर." फसला नव्हता. ही चूकच वेगळी होती. पट्टी बरोबर घेतली होती; भुजा ६० आणि ७० च्या मध्ये, ६४ वर. पोरानं ७० पासून उलट्या दिशेनं सहा रेघा मोजल्या आणि ७० मध्ये मिळवून ७६ केले. आकडे वाढतात त्या बाजूनं, लहान आकड्यापासून मोजायचं. हे सांगितलं तरी बोट जवळच्या ठळक आकड्याकडेच पळतं.

"आणि नव्वदला दोन आकडे का नाहीत?" आजोबा जाता जाता म्हणाले. दोन्ही पट्ट्या तिथे एकमेकींना भेटतात म्हणून. म्हणूनच काटकोन बरोबर मोजला यावरून मुलाला पट्टी कळते की नाही, काही कळत नाही. आणि हीच माझी खरी चीड आहे. या छापील वर्कशीटवर निम्मे काटकोन आणि उरलेले सगळे उजवीकडे उघडणारे. पोरं "आतलं वाचायचं" एवढंच पाठ करतात आणि पैकीच्या पैकी घेतात. भुजाही इतक्या आखूड की कोनमापकाच्या आकड्यांपर्यंत पोचत नाहीत. पट्टीनं वाढवल्याशिवाय वाचायचं कसं, हे छापणाऱ्याच्या डोक्यात आलेलं नाही.

मग आज मी तीच वर्कशीट खिडकीच्या काचेवर पालथी धरायला लावली. मागून दिसणारे कोन गिरवले, सगळे डावीकडे उघडले. नातवाचा पहिला कोन: पुन्हा १३०. यावेळी मात्र आतल्या पट्टीवरून.