0.2 म्हणजे वीस टक्के नव्हे

“प्रबंध लिहिणाऱ्यांनो, नुसती p ची किंमत छापू नका, इफेक्ट साइज द्या. 0.2 म्हणजे 20 टक्के फरक. 0.2 किरकोळ, 0.5 मध्यम, 0.8 मोठा, हा कोहेनचा नियम. किरकोळ आला तर सरळ ‘परिणाम नाही’ लिहा.”

हा मेसेज भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, मग चौथं प्रकरण काढून टाकू का?” नको गं बाई.

पहिलं वाक्य बरोबर आहे, तेवढं मान्य. पुढे सगळा आनंद.

तिच्या प्रकरणात 30-30 मुलांचे दोन गट आहेत. नव्या वाचनपद्धतीच्या गटाची सरासरी 54, जुन्याची 50, प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा, 20. फरक 4, भागिले 20, म्हणून इफेक्ट साइज d = 0.2. टक्केच हवेत तर 50 चे 54 होणं ही 8 टक्के वाढ झाली. वीस आले कुठून? 0.2 चा अर्थ एवढाच, की दोन्ही गटांतून एकेक मूल डोळे मिटून उचललं, तर शंभरातून साधारण 56 वेळा नव्या पद्धतीचं मूल पुढे असेल. नाणेफेकीत 50 वेळा असतं. आणि तिने फक्त हुशार मुलं निवडली असती, विचलन 10 वर आलं असतं, तर त्याच 4 गुणांचा d 0.4 झाला असता. शिकवणं तेच, गुण तेच! म्हणून मूळ गुण आणि विचलन छापायलाच हवं.

‘नियमा’बद्दल: संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेनने आपल्या पुस्तकाच्या 1988 च्या आवृत्तीतही बजावलं आहे की हे शब्द सापेक्ष आहेत, दुसरा चांगला आधार नसेल तेव्हाच वापरा.

खरा घातक सल्ला शेवटचा आहे. अमेरिकेत 22,071 पुरुष डॉक्टरांवर ऍस्पिरिनची चाचणी झाली. गट जवळपास सारखे होते. ऍस्पिरिनच्या गटात 104 जणांना हृदयविकाराचा झटका आला, दुसऱ्यात 189 जणांना. याचा सहसंबंध गुणांक काढला, तोही एक इफेक्ट साइजच, तर येतो जेमतेम 0.034. मेसेजवाल्यांच्या हिशेबात हा किरकोळातही बसत नाही. पण साध्या भाषेत तो हजार डॉक्टरांमागे सुमारे 8 झटके कमी, असा आहे. (गोळी कोणी घ्यावी हा वेगळा विषय, रक्तस्रावाचा धोकाही मोजावा लागतो.)

भाचीचं दुखणं मात्र वेगळं आहे: मुलं कमी. एवढ्या लहान गटांत 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे माहितीशी जुळणाऱ्या फरकांचा पट्टा, येतो उणे 6 ते अधिक 14 गुण. यातून ‘परिणाम आहे’ निघत नाही, तसं ‘नाही’ही निघत नाही. तिला लिहून दिलं ते असं: “नव्या पद्धतीच्या गटाला 100 पैकी सरासरी 4 गुण जास्त मिळाले (d = 0.2). मात्र 60 मुलांच्या या माहितीशी 6 गुणांचा तोटाही जुळतो आणि 14 गुणांचा फायदाही.”