तांदळात लिहिलेलं नाव आणि हॉलतिकीट

सोलापूरच्या नवी पेठेत ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम मी रोज करते. गेल्या वर्षी एमपीएससीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी एक मुलगी घाबरून दुकानात आली. नाव बदलून लिहिते. माहेरची अश्विनी. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने "स्नेहल" लिहिलं आणि ती सासरची स्नेहल झाली. फॉर्म दहावीच्या सनदेप्रमाणे भरलेला, म्हणून हॉलतिकिटावर अश्विनी, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. सासऱ्यांनी मध्येच कुठल्याशा दाखल्यावर आधार बदलून घेतलेलं, त्यावर स्नेहल, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. तिन्ही शब्द वेगळे.

"ताई, मॅरेज सर्टिफिकेट आहे की!" असं म्हणून तिने महापालिकेचा दाखला पुढे केला. मी तो नीट वाचला. अमुक वडिलांच्या अश्विनीचा विवाह अमुक व्यक्तीशी झाला, एवढंच त्यात होतं. स्नेहल हा शब्द कुठेच नव्हता.

सगळी चूक इथे होते. फक्त वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनाव बदललं असेल, तर विवाह निबंधकाचा दाखला दोन्ही नावं जोडतो, आणि लोकसेवा आयोग तो मान्य करतो. पण स्वतःचं नावच बदललं असेल, तर अश्विनी म्हणजेच स्नेहल हे तो दाखला कसं सांगणार? त्यासाठी राजपत्र लागतं. त्यात जुनं नाव आणि नवं नाव एकत्र छापलेलं असतं. आयोगाच्या सूचनांमध्ये राजपत्रित अधिकाऱ्याचं नावबदलाचं प्रमाणपत्रही चालतं, पण रात्री आठ वाजता ते देणार कोण? नोटरीचं प्रतिज्ञापत्र बँकांच्या आयबीपीएस परीक्षेत चालतं, आयोगाच्या यादीत ते नाही. त्यामुळे मैत्रिणीचं तिकडे चाललं म्हणून आपलं इकडे चालेल, असं धरू नका.

मी विचारलं, "पॅन कार्ड?" ते अक्कलकोटला आईच्या कपाटात होतं, जुन्याच नावाचं. भाऊ सकाळी साडेसहाला मोटारसायकलवर निघाला. पॅनवर आणि हॉलतिकिटावर अक्षर न् अक्षर तेच, म्हणून आधार दाखवायची वेळच आली नाही. ती आत गेली तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

माझं स्पष्ट मत आहे. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही. सुनेने फॉर्म भरलेला असेल, तर परीक्षा होईपर्यंत सासरच्यांनी तिच्या आधारला हात लावू नये. आणि बदलायचंच ठरलं, तर आधी राजपत्र करा. जुनं नाव सनदेवर आहे तसंच पूर्ण लिहा, वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर नको. नवं नाव पुढे आधारवर हवं तसंच, एका वेलांटीचाही फरक नको. छापून आलेल्या राजपत्राची प्रत हॉलतिकिटाबरोबर ठेवा, शिवाय एक झेरॉक्स.

अश्विनीने परीक्षेनंतर राजपत्रासाठी अर्ज केला. नव्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं, हे मात्र यावेळी तिला विचारूनच मी टाइप केलं.