पिशवीचा फोटो टाका, बाकी ग्रुप बघून घेईल

तांदळाची पिशवी ओळखायची असेल तर फोटो नेहमी समोरूनच काढावा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांचा मजकूर असतो, तो वाचायला चष्मा शोधावा लागतो, आणि वाचला तर चर्चाच संपते. सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा संपलेली कुणाला आवडते? समोर मात्र सगळं काही असतं. किल्ला, वाफाळती बिर्याणी, सोनेरी पट्टा, 'प्रीमियम', 'रॉयल', 'सुपर'. तांदळाच्या प्रतीत या शब्दांना ठरलेला अर्थ नाही, त्यामुळे ते कुणालाही छापता येतात आणि त्यांवर कुणालाही मत देता येतं. फोटोखाली फक्त एवढंच लिहा: 'मागच्या वेळी आणलेला हाच का?' पुढची दुपार मजेत जाईल.

कोपऱ्यात कुठे 'तिबार', 'दुबार' किंवा 'मोगरा' छापलेलं असेल, तर फोटो काढताना तिथे अंगठा ठेवा. पिशवीच्या दर्शनी भागावरची कामाची माहिती एवढीच असते. गिरणीत बासमतीचे दाणे मोडतात, मोडलेले चाळून वेगळे काढतात. तिबार म्हणजे साधारण पाऊण दाणा, दुबार म्हणजे अर्ध्याच्या आसपास, मोगरा त्याहून बारीक आणि सगळ्यांत खाली कणी. प्रत्येक कंपनीची चाळणी थोडी वेगळी, म्हणून एकाचा दुबार दुसऱ्याच्या तिबाराशेजारी बसू शकतो. वास आणि चव बासमतीचीच असते, पुलाव मात्र खिचडीकडे झुकतो. पण अंगठा नीट ठेवला असेल, तर 'मोगरा म्हणजे फुलासारखा सुगंध असणार' असं सांगणाऱ्या काकू भेटतातच, आणि त्यांना दुखावण्यात अर्थ नाही.

पिशवीला पारदर्शक खिडकी असेल तर झूम करून दाणा बघा आणि ठामपणे 'लांब आहे' म्हणा. किती लांब, हे विचारणारा माणूस ग्रुपमधून काढावा. कारण फोटोत मोजपट्टी नसते, आणि जवळून काढलेल्या फोटोत आंबेमोहरही बासमतीच्या तोऱ्यात उभा राहतो. काही नतद्रष्ट लोक खिडकीवर एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो मागतात. 2011 च्या मालिकेतलं नाणं साधारण 22 मिलिमीटरचं आहे. टोकाला टोक लावलेले तीन दाणे त्याच्या बाहेर सरळ निघाले, तर तो 1121 या वाणासारखा लांब बासमती असू शकतो, कारण त्याचा कच्चा दाणाच 8 मिलिमीटरच्या पुढे जातो. तिन्ही दाणे नाण्यात जेमतेम मावले, तर जुन्या पद्धतीचा, 7 मिलिमीटरच्या आसपासचा बासमती असेल. आणि खूप आखूड पडले, तर एकतर कोलमसारखा मुळातच छोटा तांदूळ, नाहीतर मोठ्या दाण्याचा तिबार. या दोघांत फरक टोकाने कळतो. अख्ख्या दाण्याची दोन्ही टोकं निमुळती असतात, तुकड्याचं एक टोक कापल्यासारखं बोथट. एवढी बारकाई फोटोत दिसते, हीच मोठी पंचाईत आहे. ती टाळायची तर फोटो थोडा हलवून काढावा.

रंगाचं काम त्याहून सोपं. पिवळ्या बल्बखाली फोटो काढला की कच्चा तांदूळही सेल्यासारखा दिसतो, म्हणजे उकडून वाळवलेल्या तांदळासारखा, ज्याचा पिवळसरपणा खरा असतो. शेजारी पांढरा कागद दिसत असला की फसवणूक उघडी पडते, कारण मग कागदही पिवळा दिसतो. म्हणून कागद ठेवू नये.

आता हट्टी लोकांसाठी मागच्या बाजूबद्दल. नाइलाजाने पिशवी उलटी केलीत, तर नाव आधी वाचू नका, कारण तिथेच गोंधळ मिटतो. समोर किल्ला आणि 'बिर्याणी स्पेशल' असेल, तर मागे उत्पादनाचं नाव 'बासमती तांदूळ' आहे की नुसतं 'तांदूळ', हे बघितलं की समोरची सगळी शोभा फुकट जाते. बासमतीसाठी 1 ऑगस्ट 2023 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मानकं लागू आहेत. त्यांत कृत्रिम रंग, पॉलिशचे पदार्थ आणि कृत्रिम सुगंध चालत नाहीत. नुसत्या 'तांदूळ' लिहिलेल्या पिशवीला बासमतीची ही मानकं लागत नाहीत, फक्त किल्ल्याचं चित्र लागू असतं.

तुलना करायची तर दोन वेगवेगळ्या चित्रांच्या पिशव्या घ्या आणि रंग जुळवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक मुळीच जुळवू नका. समजा एका पिशवीवर किल्ला आहे, दुसरीवर मोर. किल्लेवाली महाग, मोरवाली स्वस्त, आणि ग्रुपचं एकमत की किल्ला म्हणजे किल्ला. मागे बघितलं तर दोघांच्याही विक्रेत्या कंपन्या वेगळ्या, पण 'पॅकबंद करणारे' या ओळीखालचा परवाना क्रमांक एकच. पहिला आकडा 1 म्हणजे परवाना, 2 म्हणजे लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 15, आणि केंद्रीय परवान्यासाठी 00. दोन्ही पिशव्यांवर क्रमांक एकच, म्हणजे तांदूळ एकाच ठिकाणी पॅक झालेला! यावर लगेच 'सगळे चोर' असा संदेश टाका. ठिकाण एक असलं तरी एकाच दाराने अख्खा दाणाही बाहेर पडतो आणि तिबारही, हा मुद्दा कुणी काढला तर त्याला इमोजी द्या. तो माणूस खरं तर बरोबर असतो: क्रमांकाने पॅक करण्याचं ठिकाण कळतं, प्रत कळत नाही, प्रतीसाठी परत दाण्याकडेच यावं लागतं. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या पिशवीवर तीन-चार परवाने एकत्र छापलेले असतात, आणि आपली पिशवी कुठल्या ठिकाणची, हे बॅच क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरावरून कळतं. ते अक्षर शिवणीत गेलेलं असतं. छान सोय आहे.

किमतीची तुलना छापील एमआरपीवरूनच करावी, दुकानदार लावतो त्या भावाशी तिचा फारसा संबंध नसला तरी. पाच किलोची पिशवी दहा किलोच्या पिशवीशेजारी ठेवून 'ही स्वस्त आहे' म्हणावं. हल्ली शेजारी किलोमागची किंमतही छापतात, ती वाचून मजा घालवू नये.

राहता राहिला ब्रँड. तो ओळखण्यासारखं सोपं काही नाही, कारण नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत असतं. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा नोंदणीकृत ब्रँडच्या पॅकबंद तांदळावर 5 टक्के कर आणि बिननोंदणीच्या तांदळावर शून्य, असा नियम होता. पुढे नाव तसंच ठेवून त्या नावावरचा हक्क आम्ही सोडला आहे, असं पिशवीवर छापून कर टाळण्याची वाटही निघाली. 18 जुलै 2022 पासून कर ब्रँडवरून पॅकबंदपणाकडे सरकला, पण 25 किलोपर्यंतच्याच पिशव्यांना. त्यानंतर काही बाजारांत 26 किलोची पिशवी दिसू लागली. त्यामुळे फोटोत तांदळाचं पोतं 26 किलोचं दिसलं, तर घाबरून जाऊ नका. वजनात चूक झालेली नाही, एक किलो करसल्लागारांच्या नावाने जास्त भरलेला आहे.