भरलेले कपाट आणि दोन स्क्रू

«पुस्तकांनी भरलेले कपाट इतके जड असते की लहान मुलाला ते पाडताच येत नाही. फार तर पुढच्या बाजूला पुठ्ठ्याची घडी सरकवा, म्हणजे ते भिंतीकडे रेलून राहील. भिंतीला भोके पाडून उपयोग नाही, आपल्या प्लास्टरमध्ये स्क्रू टिकतच नाहीत.»

कपाट भिंतीला पक्के करण्याचा विषय निघाला की असे ऐकू येते, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासू. पहिला मुद्दा वजनाचा. कपाट पुढे पडते तेव्हा ते आपल्या पुढच्या खालच्या कडेवर फिरते, म्हणून त्याला धरून ठेवते ते नुसते वजन नव्हे, तर वजन गुणिले त्या कडेपासूनचे अंतर. १८० सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर खोल आणि रिकामे असताना ३० किलोचे कपाट घेऊ. त्याचे वजन कडेपासून साधारण १५ सेंटिमीटर आत असते, म्हणजे ४५० किलो-सेंटिमीटरचा आधार मिळाला. पुस्तके मात्र कपाटाच्या खोलीच्या मध्यावर नसतात. जेमतेम १४ सेंटिमीटर रुंदीची पुस्तके आपण कणे दिसावेत म्हणून फळीच्या पुढच्या कडेशी ओळीत लावतो, त्यामुळे त्यांचा भार कडेपासून फक्त ७ सेंटिमीटरवर येतो. शिवाय ज्या घरात रांगणारे मूल असते तिथे खालचे दोन कप्पे बहुधा रिकामेच केलेले असतात, कारण ते मूल पुस्तके ओढून फाडते. उरलेल्या ४० किलो पुस्तकांचे २८० धरले तर एकूण आधार ७३० झाला.

आता १६ किलोचे, साधारण चार वर्षांचे मूल रिकाम्या कप्प्यात पाय रोवून, वरच्या फळीला धरून मागे झुकले, तर त्याचा भार कडेच्या बाहेर सुमारे २५ सेंटिमीटरवर जातो आणि ४०० चा जोर लागतो. ते एकटे आणि स्थिर असेपर्यंत कपाट उभे राहील. पण त्याने एक हिसका दिला किंवा भावंड शेजारी चढले की हा जोर ८०० च्या घरात जातो. कपाट कलू लागले की पुस्तके पुढे घसरतात आणि आधार आणखी कमी होतो. वरपर्यंत खच्चून भरलेले कपाट एकट्या मुलाला सहसा दाद देणार नाही, हे मान्य करतो. पण पुस्तके काढली-घातली जातात, आणि जे वजन आधार वाटते तेच पडताना मुलाच्या अंगावर येते.

पुठ्ठ्याच्या घडीचा फायदा मोजता येतो. पुढची बाजू ५ मिलिमीटरने उचलली तर ९० सेंटिमीटर उंचीवरचा भार फक्त दीड सेंटिमीटर मागे सरकतो, म्हणजे वरच्या उदाहरणात आधार जेमतेम १०५ ने वाढतो. आणि रोज फरशी पुसताना भिजणारा पुठ्ठा दबतो, तेव्हा तेवढेही उरत नाही.

प्लास्टरबद्दलची तक्रार निराधार नाही. आपल्याकडे प्लास्टर साधारण १२ ते २० मिलिमीटर जाड असते आणि तेवढ्यातच अडकलेला स्क्रू पोपडा घेऊन बाहेर येतो. म्हणूनच भोक विटेपर्यंत जायला हवे. ८ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडताना आधी करडी पूड पडते आणि वीट लागली की लाल पूड पडू लागते. त्यानंतर निदान ४ सेंटिमीटर आत जावे, प्लास्टिकची गिट्टी पूर्ण विटेत बसेल इतकी ठोकावी आणि त्याप्रमाणे लांब, साधारण ६० मिलिमीटरचा स्क्रू वापरावा. करडी पूडच येत राहिली तर आपण विटांच्या सांध्यात शिरलो असण्याची शक्यता असते. तिथून थोडे बाजूला सरकावे. पांढरट पूड येऊन बिट लोण्यात शिरावे तसे गेले, तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा आणि त्या ब्लॉकसाठीचीच लांब गिट्टी घ्यावी. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

कपाटाच्या बाजूने एल-पट्टी माथ्याजवळच्या जाड उभ्या फळीला दोन्ही टोकांना लावावी. पाठीच्या पातळ प्लायला लावलेला स्क्रू पहिल्याच ओढीत सुटतो. स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीपासून सेंटिमीटरभर दूर राहते, म्हणून त्या फटीत तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी घालूनच स्क्रू आवळावेत, नाहीतर एल-पट्टी वाकते आणि कपाट हलतच राहते. भाड्याच्या घरात हीच दोन भोके घर सोडताना पुट्टीने बुजवता येतात. दुहेरी चिकटपट्टीवर मात्र विसंबू नये, कारण ती भिंतीला नव्हे, रंगाच्या थराला चिकटते.

काम झाल्यावर मुलांना खोलीबाहेर ठेवून, पुस्तके लावण्याआधी, माथ्याची कड दोन्ही हातांनी धरून जोराने आपल्याकडे ओढावी. स्क्रूभोवती बारीक गोल भेग दिसली किंवा पूड गळली तर गिट्टी प्लास्टरमध्येच अडकलेली आहे असे समजावे आणि भोक दुसरीकडे पाडावे.